‘जमेल तेवढे द्या’ कार्यशाळा: खुर्च्या भरतात, पण खर्च निघतो का?

मागच्या व्हिडिओत कार्यशाळेची फी ठरवण्याचं गणित मी फळ्यावर मांडलं होतं. शेवटी घाई झाली आणि ‘जमेल तेवढे द्या’ हा भाग दोन मिनिटांत उरकावा लागला. म्हणून तोच भाग इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आकडेमोड आहे. पण सोपी आहे.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा घेतली. आपल्याच वस्तीतल्या लोकांसाठी. त्यांच्या मनात होतं की पैशावाचून कुणी मागे राहू नये. म्हणून पोस्टरवर लिहिलं, ‘फी नाही, जमेल तेवढे द्या’, आणि दाराशी एक पेटी ठेवली. वीस जागा होत्या, दोन दिवसांत वीस नावं आली. त्यानंतर फोन करणाऱ्यांना त्यांनी ‘जागा फुल्ल’ सांगून परत पाठवलं. रविवारी सकाळी प्रत्यक्षात आले बारा. पेटीत निघाले सव्वीसशे रुपये. ताई मला म्हणाल्या, “सर, लोक चांगले नाहीत हो.”

मी म्हटलं, ताई, लोक ठीक आहेत. मांडणी चुकली. कुठे चुकली ते बघूया. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

आधी एका खुर्चीचा खर्च काढा

‘जमेल तेवढे’ म्हणायचं असेल तर ‘किती लागतात’ हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे. खर्च दोन प्रकारचा असतो. एक खर्च माणूस एक आला काय आणि वीस आले काय, तेवढाच राहतो. दुसरा प्रत्येक माणसामागे वाढतो.

ताईंचा न बदलणारा खर्च असा होता:

- सभागृहाचं भाडं: १५०० रुपये
- मदतनीस मुलगी: ८०० रुपये
- पोस्टर आणि माल आणायचा टेम्पो: ७०० रुपये
- ताईंचं स्वतःचं मानधन: ३००० रुपये
- एकूण: ६००० रुपये

माणशी खर्च म्हणजे साधारण तीन किलो मळलेली माती, कोरणी आणि मूर्ती घरी न्यायला प्लायचा तुकडा, मिळून १२० रुपये. चहा-नाष्टा ३० रुपये. म्हणजे माणशी १५०.

वीस जण धरले तर ६००० अधिक ३०००, एकूण ९००० रुपये. भागिले वीस, तर एका खुर्चीचा खर्च ४५० रुपये. हा आकडा आपण शेवटपर्यंत वापरणार आहोत, वहीत मोठा लिहून ठेवा.

यात मानधनाची ओळ मुद्दाम आहे. पुष्कळ जण ती लिहीतच नाहीत. “माझं काय, माझे तर घरचेच हात!” मग कार्यशाळा ‘ना नफा ना तोटा’ झाली असं वाटतं, आणि खरं म्हणजे तुमचे तीन दिवस फुकट गेलेले असतात. दुसऱ्या वर्षी तुम्ही ती घेतच नाही.

आता ताईंचा रविवार या आकड्यांत बसवा. बारा जण आले, म्हणजे खर्च ६००० अधिक १८००, ७८०० रुपये. त्यातलं मानधन वगळलं तरी खिशातून रोख गेले ४८००. पेटीत २६००. म्हणजे मानधन तर नाहीच, वर पदरचे २२०० गेले. शिवाय आठ जणांचा नाष्टा सांगून ठेवलेला, त्याचे २४० वेगळे. माती तेवढी वाचली, कारण शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकमध्ये ठेवली की पुन्हा वापरता येते. तुमचा माल नाशवंत असता, समजा केकची कार्यशाळा असती, तर तेही गेलं असतं.

आठ खुर्च्या रिकाम्या का राहिल्या?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. त्यांना वाटतं, पैसे कमी घेतले म्हणून लोकांना किंमत राहिली नाही. पण नीट बघा. नाव देताना लोकांनी काहीच दिलेलं नव्हतं. शून्य रुपये आणि एक मेसेज. रविवारी सकाळी पाऊस आला, पाहुणे आले, मुलाची शिकवणी निघाली, तर न जाण्याने त्यांचं काहीच जात नव्हतं. कळवायचीही गरज वाटली नाही.

म्हणजे अडचण रक्कम कमी असण्याची नव्हती. रक्कम शेवटी मागितली, ही होती. शंभर-दोनशे रुपये जरी नाव नोंदवतानाच दिले असते, तरी त्या माणसाने रविवार मोकळा ठेवला असता, किंवा निदान दोन दिवस आधी फोन करून सांगितलं असतं. तेवढ्यात ज्यांना ‘फुल्ल’ सांगून परत पाठवलं, त्यातल्या कुणाला तरी ती जागा मिळाली असती.

शेवटी मागण्याचा आणखी एक तोटा आहे. हात मातीने भरलेले, सुट्टे नाहीत, दाराशी गर्दी, आणि पुढचा माणूस पेटीत काय टाकतो ते मागच्याला दिसतं. एकाने शंभर टाकले की मागचे चारही शंभरच टाकतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की खुर्चीमागे ४५० खर्च आहे! आकडा माहीत नसला की माणूस शेजाऱ्याकडे बघूनच हात खिशात घालतो. कीर्तनानंतर आरतीचं ताट फिरतं तेव्हा आपण सगळे हेच करतो.

तुम्ही म्हणाल, पण सर, शेवटी मागून चालतंच की! इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला राहण्या-जेवणाचीही फी नाही. बरोबर. पण तिथला नियम बघा. दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच घेतात, आणि ते पुढे येणाऱ्यांसाठी म्हणून घेतात. शिकवणारे आणि सेवा देणारे मानधन घेत नाहीत. आणि आधी शिबिर करून गेलेल्यांची मोठी साखळी पाठीशी आहे. तुमची पहिलीच कार्यशाळा असेल, तर तुमच्यामागे अशी साखळी नाही, आणि घरभाडं तुम्हाला याच महिन्यात भरायचं आहे.

भाव मोकळा सोडला की काय होतं, याचा एक मोठा प्रयोग

२०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका मनोरंजन उद्यानातला प्रयोग छापून आला. रोलर कोस्टरसारख्या पाळण्यात बसलेल्या लोकांचा फोटो काढून बाहेर विकायचे, तसा. एक लाखाहून जास्त लोक त्यात होते. ठरलेला भाव १२.९५ डॉलर होता तेव्हा शंभरात जेमतेम अर्धा माणूस फोटो घेत होता, म्हणजे दोनशेत एक. ‘वाटेल ते द्या’ म्हटल्यावर शंभरात आठाहून जास्त जणांनी घेतला, पण सरासरी दिले फक्त ९२ सेंट. एक डॉलरसुद्धा नाही.

मग त्यांनी एक बदल केला. भाव मोकळाच ठेवला, पण सांगितलं की यातले निम्मे पैसे एका सेवाभावी संस्थेला जाणार. आता घेणारे निम्म्यावर आले, शंभरात साडेचार. पण सरासरी रक्कम गेली ५.३३ डॉलरवर, म्हणजे जवळपास सहापट.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. नुसता भाव मोकळा सोडला की गर्दी वाढते, पैसे वाढतीलच असं नाही. आणि माझे पैसे कुठे जाणार हे माणसाला कळलं की तो हात आखडता घेत नाही. ज्याला चार नाणी टाकून जायची लाज वाटते, तो मुळात घेतच नाही.

पेटीऐवजी तीन रकमा

म्हणून ताईंना मी सांगितलं, पेटी काढून टाका आणि नोंदणीच्या वेळीच तीन रकमा समोर ठेवा:

- सवलतीची जागा: २०० रुपये
- पूर्ण खर्चाची जागा: ४५० रुपये
- साथीची जागा: ७०० रुपये

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. मधला आकडा म्हणजे आपण काढलेला खुर्चीचा खर्च. खालचा आकडा माणशी खर्चाच्या, म्हणजे १५० च्या, वर ठेवला आहे. त्यामुळे कुणी बसलं म्हणून मातीचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत. आणि वरचा आकडा मधल्यापेक्षा बरोबर तेवढाच वर आहे, जेवढा खालचा खाली आहे. अडीचशे वर, अडीचशे खाली. म्हणजे साथीची एक जागा सवलतीची एक जागा उचलते. हे गणित लोकांना सांगताही येतं: “तुमच्या ७०० मधले २५० रुपये शेजारी बसणाऱ्याच्या मूर्तीचे.” फोटोच्या प्रयोगात जे झालं, तेच इथे तुम्ही करताय.

समजा सहा जणांनी ७०० दिले, आठ जणांनी ४५० आणि सहा जणांनी २००. बेरीज करा: ४२०० अधिक ३६०० अधिक १२००, बरोबर ९०००. सगळा खर्च निघाला, तुमचं मानधन पूर्ण, आणि सहा घरांत सवलतीत मूर्ती गेली.

पण दर वेळी असं जुळून येणार नाही. म्हणून वाईट दिवसाचंही गणित करून ठेवा. समजा ७०० वाले तीनच मिळाले, ४५० वाले सात आणि २०० वाले दहा. जमा झाले ७२५०. तूट १७५०. ही तूट तुमच्या मानधनातून जाणार, म्हणजे हातात ३००० ऐवजी १२५० राहिले. वाईट वाटतं ना? आता याची तुलना ठरलेल्या ४५० फीशी करा. त्या फीला समजा बाराच जण आले असते. जमा ५४००, रोख खर्च ४८००, हातात ६००. म्हणजे वाईट दिवशीसुद्धा तीन रकमांनी तुम्हाला दुप्पट दिले, आणि बाराऐवजी वीस जण शिकले.

पण एक धोका आहे, तो पक्का समजून घ्या

सवलतीच्या एका जागेतून माती-चहाचे १५० गेले की तुमच्याकडे उरतात फक्त ५० रुपये. आणि जो माणूस एरवी ४५० देणार होता तो २०० वर उतरला, तर तुमचे २५० जातात. म्हणजे असा एक माणूस खाली उतरला, तर ते भरून काढायला सवलतीत पाच नवीन माणसं यावी लागतात!

म्हणून “गर्दी वाढली की आपोआप भागेल” हे खरं नाही. सवलतीची गर्दी खर्च उचलत नाही. खर्च वरच्या दोन रकमा उचलतात. सवलतीची जागा रिकाम्या खुर्चीपेक्षा बरी, एवढंच तिचं हिशोबातलं काम.

मग ज्यांना परवडतं त्यांनी खाली उतरू नये म्हणून काय करायचं? दाखले मागायचे? रेशन कार्ड बघायचं? अजिबात नाही. ज्याला खरंच गरज आहे तोच मान खाली घालून परत जाईल. त्याऐवजी दोन साध्या गोष्टी करा.

पहिली गोष्ट, मेसेज स्पष्ट लिहा. ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज असा होता:

“या कार्यशाळेत एका जागेचा खर्च ४५० रुपये आहे. त्यात माती, साहित्य, चहा-नाष्टा, सभागृह आणि शिकवणाऱ्यांचं मानधन आलं. ४५० भरलेत की तुमचा खर्च पूर्ण झाला. महिन्याच्या खर्चातून ४५० काढणं जड जात असेल तर २०० भरा, कारण विचारणार नाही. सहज शक्य असेल तर ७०० भरा, त्यातून एका शेजाऱ्याची जागा होईल. तिन्ही जागांना साहित्य आणि शिकवणं अगदी सारखंच. पैसे भरले की जागा पक्की. गुरुवारपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत.”

यात ‘गरीब’ किंवा ‘गरजू’ हा शब्द नाही, ते लक्षात घ्या. ‘जड जात असेल तर’ म्हटलं की प्रत्येक जण स्वतःच स्वतःला विचारतो. कुणी किती भरले हे फक्त ताईंच्या फोनवर दिसतं. दाराशी मदतनीस मुलीकडे जी यादी असते, त्यात नाव आणि ‘जागा पक्की’ एवढंच. साथीवाल्यांना पुढची रांग नाही, त्यांचं नाव फलकावर नाही. तसं केलं की सवलतीवाला लगेच ओळखू येतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

दुसरी गोष्ट, सवलतीच्या जागा सहावर थांबवा आणि नियम ठेवा: एक वर, एक खाली. सहा भरल्या की पुढच्या सवलतवाल्याला प्रतीक्षा यादीत घ्या. साथीची सातवी जागा गेली की सवलतीची सातवी उघडा. बुधवारपर्यंत खुर्च्या रिकाम्याच दिसल्या, तर सगळ्या उघडून टाका, कारण आता त्या तशाही रिकाम्याच राहणार आहेत आणि ५० रुपये शून्यापेक्षा बरे. आणि कुणी म्हणालं की २०० सुद्धा जमत नाहीत, तर एक-दोन जागा तुमच्या शब्दावर द्या. पण त्या किती, हे आधी ठरवा, म्हणजे दाराशी भिडेखातर निर्णय होत नाही.

कुठे चालणार नाही

तुमच्या माणशी खर्चाकडे बघा. शाडूत तो ४५० पैकी १५० होता, म्हणून खाली उतरायला जागा होती. चॉकलेट किंवा केकच्या कार्यशाळेत समजा ६०० पैकी ४५० रुपये मालाचेच असतील, तर सवलत ४५० च्या खाली नेता येत नाही. तिथे तीन रकमांचा खेळ करू नका, उलट दोघांत एक साहित्य देऊन माल कमी करा.

सगळी वस्तीच तंगीत असेल, तरीही हे एकट्याच्या बळावर चालत नाही. ७०० देणारे येणार कुठून? अमेरिकेत पनेरा कंपनीने २०१० पासून ‘पनेरा केअर्स’ नावाची काही उपाहारगृहं अशाच तत्त्वावर चालवली. सुचवलेली किंमत लिहिलेली, द्यायचं ते तुम्ही ठरवा. मोठी कंपनी पाठीशी असूनही खर्च निघेना, आणि शेवटचं दुकान २०१९ मध्ये बंद झालं. अशा ठिकाणी लोकांच्या रकमेवर भार न टाकता न बदलणारा खर्च कमी करा. सोसायटीने किंवा मंडळाने सभागृह फुकट दिलं, तर ताईंचा खर्च ९००० वरून ७५०० होतो आणि खुर्ची ४५० वरून ३७५ वर येते.

आणि ठरलेल्या फीला तुमच्या जागा आधीच भरत असतील, तर हे कशाला? रिकामी खुर्ची नाही तिथे ही पद्धत फक्त तुमचं उत्पन्न कमी करेल. तिथे दोन जागा सवलतीच्या ठेवा आणि मोकळे व्हा.

एक कागदाची गोष्ट. पावतीवर ‘देणगी’ लिहू नका. तुम्ही सेवा देताय आणि त्याचे पैसे घेताय, मग रक्कम २०० असो की ७००. ‘कार्यशाळा शुल्क’ लिहा. ते तुमच्या धंद्याचं उत्पन्न आहे आणि तुमच्या हिशोबात तसंच धरा.

वहीत तीन आकडे

कार्यशाळा संपली की त्याच संध्याकाळी तीन आकडे लिहा: नावं किती नोंदली, प्रत्यक्ष आले किती, आणि भरलेल्या जागांची सरासरी रक्कम किती. नोंदणी आणि हजेरी यांत मोठी तफावत असेल, तर पैसे आधी घेण्यात तुम्ही कुठेतरी ढिलाई केलीत. हजेरी चांगली पण सरासरी खुर्चीच्या खर्चाखाली असेल, तर मेसेज पुन्हा लिहा, मधला आकडा लोकांना नीट कळलेला नाही. सरासरी बरोबर पण खुर्च्याच रिकाम्या असतील, तर अडचण फीची नव्हतीच. वार, वेळ किंवा विषय तपासा.

पहिल्या दहा जणांनी पैसे भरले की मध्येच एकदा सरासरी काढून बघा. ४५० च्या बरीच खाली असेल, तर ओळखीच्या चार जणांना स्वतः फोन करून साथीच्या जागेबद्दल विचारा. ताईंना फोनवर ‘सातशे’ म्हणायला फार जड गेलं. पहिल्याच काकांनी विचारलं, “दोन साथीच्या घेतल्या तर चालतील का?”

तुमच्या कार्यशाळेसाठी आज एवढंच करा: न बदलणारा खर्च, माणशी खर्च आणि खुर्चीचा खर्च, या तीन ओळी लिहून काढा. मानधनाची ओळ विसरू नका. भेटू पुढच्या भागात!